दिवाळीचं लक्षात ठेवा हं

दरवर्षी जुलै महिन्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी एक फोन करायचे. "काका, यंदा पण आपलंच काम आहे. दिवाळीचं लक्षात ठेवा हं." पलीकडून उत्तर यायचं, "हो ताई, तुमचं कसं विसरेन?" फोन ठेवला की मी निर्धास्त व्हायचे. मला वाटायचं की मी माझं काम केलं, बुकिंग झालं. प्रत्यक्षात मी काहीच केलेलं नव्हतं हे कळायला 2022 ची दिवाळी यावी लागली.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी आणि माझी जाऊ मिळून पुण्यात दिवाळीचा फराळ करून विकतो. मोठा कारखाना वगैरे काही नाही. एक भाड्याची जागा, सीझनला मदतीला येणाऱ्या आठ-दहा बायका आणि साधारण दोन हजार डबे. डबा म्हणजे छापील पुठ्ठ्याचा बॉक्स, ज्यात चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, लाडू वेगवेगळ्या पाकिटांत भरून जातात. फराळ आम्ही करतो, पण बॉक्स आम्ही करत नाही आणि भाजणी दळायची गिरणीही आमची नाही. दिवाळी आली की सगळ्या पुण्याला या दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात हव्या असतात.

तर 2022. लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं. एका कंपनीची 400 डब्यांची ऑर्डर होती, 18 तारखेपर्यंत पोच करायची. दसरा झाल्यावर, 6 तारखेला मी खोकेवाल्या काकांना फोन केला. "कागद आलाय ताई, छपाईपण झालीय, फक्त पंचिंग राहिलंय. होऊन जाईल." दहा तारखेला विचारलं, "होऊन जाईल." तेराला विचारलं, तेव्हा काकांचा आवाज थोडा बारीक झाला होता. मग मी स्कूटर काढली आणि गेले.

काकांनी मला फसवलं नव्हतं, हे आधी सांगते. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेला गठ्ठा तिथे होता. छान छापलेला, लॅमिनेशन झालेला. पण तो सपाट शीटचा गठ्ठा होता. त्या शीटला बॉक्सचा आकार द्यायचा तर लाकडी फळीत बसवलेल्या पात्यांची डाय लागते, ती मशीनवर चढवून एकेक शीट दाबून कापावी लागते आणि घड्या पाडाव्या लागतात. त्याला पंचिंग म्हणतात. आणि काकांकडे पंचिंगचं मशीन नव्हतंच! इतकी वर्षं ते काम बाहेर जात होतं, दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाकडे, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या माणसाकडे मिठाईवाल्यांचे हजारोंनी शीट येऊन पडलेले. माझे शीट साडेसातशे. एका शीटमधून दोन बॉक्स निघतात, म्हणजे पंधराशे बॉक्स. डाय चढवून नीट बसवण्यापासून शेवटच्या शीटपर्यंत माझं काम जेमतेम अर्ध्या दिवसाचं होतं. पण त्या अर्ध्या दिवसापुढे दोन आठवड्यांची रांग होती.

आणि मी त्या माणसाच्या जागी असते तरी तेच केलं असतं. मशीनवर एक डाय चढलेली असते, तिच्यावर वीस हजार शीट सलग निघत असतात. ती उतरवून माझ्या साडेसातशेसाठी दुसरी चढवायची, परत उतरवायची, परत पहिली बसवायची, यात त्याचाच वेळ जातो. लहान गिऱ्हाईक सीझनमध्ये मागे पडतं ते त्याचे पैसे कमी असतात म्हणूनच नव्हे. त्याच्यासाठी चालू मशीन थांबवावं लागतं हेही तितकंच मोठं कारण आहे.

बॉक्स वसुबारसेला, 21 तारखेला आले. तोवर कंपनीचे डबे आम्ही साध्या तपकिरी खोक्यांतून दिले होते, वर रबरी शिक्का मारून. कंपनीने पैसे कापले आणि पुढच्या वर्षी ऑर्डर दिली नाही. घरी आल्यावर जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "तू त्यांना नक्की काय सांगून ठेवलं होतंस?" मी म्हटलं, "लक्षात ठेवा म्हणून." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी 2023 मध्ये ताक फुंकलं नाही, दोन वाट्या घेऊन बसले. काकांना काम दिलं आणि गुपचूप दुसऱ्या एका छपाईवाल्यालाही तेच काम सांगून ठेवलं. त्यांचं स्वतःचं पंचिंग मशीन होतं. त्यांनी विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." त्यांनी 16 आणि 17 ऑक्टोबर हे दोन दिवस माझ्यासाठी धरले. दिवाळी त्या वर्षी 12 नोव्हेंबरला होती, म्हणजे नवरात्राचे ते दिवस अगदी भर धामधुमीचे.

काकांनी त्या वर्षी 12 ऑक्टोबरलाच बॉक्स दिले. मी 13 तारखेला दुसऱ्यांना फोन करून सांगितलं, "आता नको, झाली सोय." अगदी सहज. जसं भाजीवाल्याला सांगावं की आज कोथिंबीर नको. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "ताई, कागदाचं काही नाही, कागद मी दुसरीकडे वापरीन. पण तुमच्या दोन दिवसांसाठी मी एका माणसाला परत पाठवलंय. तो आता दुसरीकडे गेला." आवाज चढलेला नव्हता. मी "सॉरी हं" म्हणून फोन ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनी माझा फोन उचलला नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यात बराच काळ फिरत राहिलं. कागदाचं काही नाही, पण दिवसांचं आहे. मी आजवर "माल राखून ठेवा" आणि "वेळ राखून ठेवा" या एकच गोष्टी समजत होते. कोरा पुठ्ठा मी नाही घेतला तर दुसऱ्या कोणाच्या बॉक्सला लागतो, आज नाही तर पुढच्या महिन्यात. मशीनचा 16 ऑक्टोबरचा दिवस मात्र 17 ऑक्टोबरला विकता येत नाही. म्हणजे पुठ्ठा राखून ठेवायला सांगताना मी फारसं काही मागत नव्हते, आणि दिवस राखून ठेवायला सांगताना खूप काही मागत होते. दोन्ही मात्र फुकट मागत होते.

असो. 2024 साली मी जुलैमध्ये फोन केला नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला काकांकडे जाऊन बसले आणि चहा घेता घेता पहिला प्रश्न विचारला, "काका, यातलं कुठलं काम तुमच्याकडे होतं आणि कुठलं बाहेर जातं?" छपाई त्यांच्याकडे. लॅमिनेशन बाहेर, पण ते दोन दिवसांत येतं, तिथे गर्दी नसते. पंचिंग बाहेर. पेस्टिंग त्यांच्याकडे, चार बायका बसून हाताने करतात. म्हणजे घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. मग मी म्हटलं, चला, त्या पंचिंगवाल्याकडेच जाऊ. काका जरा कचरले, गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल अशी भीती त्यांना वाटली असावी. मी सांगितलं की पैसे तुमच्याच हातून जातील. मग आले.

पंचिंगवाला माणूस बोलका निघाला. त्याने जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा ऑपरेटर कोकणातला. गणपतीला तो गावी जातो आणि तेव्हा मशीन जवळजवळ बंदच असतं. अनंत चतुर्दशीनंतर तो परत येतो आणि लगेच पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात लोक नवीन काम सुरू करत नाहीत, त्यामुळे मशीनला श्वास घ्यायला वेळ असतो. घटस्थापनेपासून मात्र झुंबड. मदतीची पोरं बिहारची, ती दिवाळी-छठपूजेसाठी ऑक्टोबरअखेर निघायच्या तयारीत असतात. म्हणजे काम सगळ्यात जास्त असतं तेव्हाच हात कमी होतात. "पितृपक्षात या ताई," तो म्हणाला, "अर्धा काय, अख्खा दिवस देतो."

पितृपक्षात दिवाळीचं काम काढायचं! सासूबाईंना काय सांगावं हा प्रश्न होताच. पण खोकं म्हणजे काही शुभकार्य नव्हे, असं जाऊबाईंनीच ठरवून टाकलं.

मग मी काकांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. अजून फोनमध्ये आहे ते, जसंच्या तसं देते.

"काका, लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबर, वसुबारस 28 ऑक्टोबर. आमचं पॅकिंग 14 ऑक्टोबरला सुरू. 1500 बॉक्स पक्के. आणखी 800 कंपन्यांचे, ते 5 ऑक्टोबरपर्यंत कळतील. छपाई आणि पंचिंग सगळ्या 2300 चं एकदमच करा, 23 आणि 24 सप्टेंबरला. पेस्टिंग आत्ता फक्त 1500 चं. उरलेले कापलेले शीट सपाटच ठेवा. पुठ्ठ्याचे सगळे पैसे आत्ता देते. ते दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले तर पंचिंगवाल्याच्या एका दिवसाचे पैसे मी देणार."

यातल्या 800 बॉक्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खरी मेख तिथेच होती. कंपन्या नेहमी उशिरा कळवतात. 400 म्हणतात आणि 250 घेतात, किंवा आयत्या वेळी 100 वाढवतात. पक्का आकडा येईपर्यंत थांबले तर पितृपक्षाची मोकळी वेळ हातची जाते. म्हणून काम अडणाऱ्या मशीनच्या पलीकडे नेऊन तिथे थांबवायचं ठरवलं. डाय एकदा चढली की आणखी 400 शीट काढायला कितीसा वेळ लागतो? नंतर जे पेस्टिंग उरतं त्याला मशीन लागत नाही, हात लागतात, आणि ते दोन दिवसांत होतं. शिवाय चिकटवलेले बॉक्स दाबून फार दिवस ठेवले तर घड्या ताठ होतात आणि उघडताना त्रास देतात. कापलेले सपाट शीट तसे त्रास देत नाहीत, फक्त ओल लागू द्यायची नाही. पुठ्ठ्याने दमट हवा पिली की लॅमिनेशनच्या उलट्या बाजूला तो फुगतो आणि शीट वाकतं. म्हणून जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे.

छापलेला पुठ्ठा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो, तेव्हा तो धोका माझाच. म्हणून बॉक्सवरून वर्ष काढून टाकलं. आधी आम्ही हौसेने "शुभ दीपावली" आणि खाली साल छापत असू. आता नुसतं "शुभ दीपावली". किंमत, बॅच आणि तयार केल्याची तारीख स्टिकरवर. कंपनीचं नावही वेगळ्या पट्टीवर. उरलेच तर पुढच्या वर्षी वापरता यावेत.

काकांनी मेसेज वाचून फोन केला. म्हणाले, "दिवस वाया गेला तर पैसे देणार, असं कोणी लिहून देत नाही हो." मी म्हटलं, "काका, वहीत लिहिलंत का?" त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 23 तारखेसमोर माझं नाव. त्या वर्षीपासून मला एक सवय लागली आहे. "होऊन जाईल" हे उत्तर मी "नाही" असं ऐकते. ज्याने खरंच राखून ठेवलंय तो तारीख सांगतो, पुठ्ठा कधी उचलणार ते सांगतो, ऑपरेटर गावाला कधी जाणार तेही सांगतो.

24 सप्टेंबरला पंचिंग झालं. कंपन्यांनी 800 पैकी 550 घेतले. अडीचशे बॉक्सचे शीट उरले, ते फळ्यांवर वर्षभर झोपून राहिले आणि 2025 मध्ये कामाला आले.

गिरणीची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट. बॉक्स आधी करून ठेवता येतो, भाजणी नाही. भाजून दळलेलं पीठ महिनाभर आधी करून ठेवलं तर त्याचा खमंगपणा जातो आणि चकलीला जुनाट वास येतो, आमची गिऱ्हाइकं तो लगेच ओळखतात. म्हणजे तिथे माल राखायचा प्रश्नच नाही, फक्त वेळ राखायची. दोन हजार पन्नास डबे, प्रत्येकात 150 ग्रॅम चकली, म्हणजे तीनशे किलोच्या वर चकली आणि आमच्या हिशोबाने साधारण 230 किलो भाजणी. ती एकदम दळून उपयोग नाही, तळणीच्या बेताने चार खेपा, प्रत्येकी साठ किलोच्या आत. एका खेपेला गिरणीवर तासभर. पण दिवाळीच्या आधी गिरणीबाहेर डब्यांची जी रांग लागते तिच्यात साठ किलो घेऊन उभं राहणं म्हणजे अख्ख्या पेठेच्या शिव्या खाणं. त्यातून गव्हाच्या मागोमाग भाजणी टाकली की आधीचं पीठ मिसळतं.

गिरणीवाल्या अण्णांना मी आगाऊ पैसे देऊ केले. ते म्हणाले, "पैसे कशाला? पहाटे साडेपाचला या. तेव्हा जातं पुसून स्वच्छ असतं, पहिलं दळण तुमचं. फक्त गुरुवार नको." आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि त्या दिवशी अण्णा पहाटेपासूनच आपल्या रोजच्या गिऱ्हाइकांचं उरकत असतात. तेव्हा 11, 15, 18 आणि 22 ऑक्टोबर अशा तारखा ठरल्या, एकही गुरुवार नाही. अण्णांनी वही काढली नाही. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर चार गोल केले. मी माझ्या बाजूने एवढंच करायचं होतं की धान्य आदल्या संध्याकाळी भाजून पूर्ण गार झालेलं असेल आणि साडेपाचला मी दारात असेन. एकदा, 18 तारखेला, मी सहाला पोचले. अण्णांनी दळण करून दिलं, पण त्यांची सकाळची सगळी माणसं अर्धा तास ताटकळली आणि त्या अर्ध्या तासात मी जमिनीकडे बघत उभी होते. अण्णा पैसे घेत नाहीत, पण ती वेळ फुकट नव्हती हे मला तेव्हा समजलं.

2025 मध्ये मी पुन्हा एक चूक करता करता वाचले. आदल्या वर्षीचा मेसेज कॉपी करून तारखा तशाच पाठवणार होते, 23 आणि 24 सप्टेंबर. जाऊबाईंनी कॅलेंडर पुढे धरलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, म्हणजे अकरा दिवस आधी. 22 सप्टेंबरला घटस्थापना. माझी "मोकळी वेळ" भर झुंबडीत जाऊन पडत होती! मग 15 आणि 16 सप्टेंबर ठरवलं. अधिक महिना आला की हे सगळं परत पुढे सरकतं. 2026 ला अधिक ज्येष्ठ, म्हणून लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. तेव्हापासून मी इंग्रजी तारखेने विचार करणं सोडलंय. वसुबारस धरायची आणि मागे मोजत यायचं.

त्याच वर्षी आम्हाला लाडवांसाठी एक लहान बॉक्स नव्याने करायचा होता. काकांना ते माप जमत नव्हतं. ज्यांना जमणार होतं ते दुसरे छपाईवाले, ज्यांना मी 2023 ला वाऱ्यावर सोडलं होतं. फोन ते उचलत नव्हतेच, म्हणून ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष गेले. त्यांनी ओळखलं. "बसा," म्हणाले. मी सगळं सांगितलं, दोन ठिकाणी काम सांगून ठेवलं होतं हेसुद्धा. त्या दोन दिवसांचे पैसे द्यायला आले आहे असंही म्हटलं. ते हसले. "ते गेलं आता. त्याचं काय घ्यायचं?" मग थोडं थांबून म्हणाले, "यंदाच्या दिवसाचे मात्र आधी घेईन. पूर्ण."

मी म्हटलं, घ्या.

त्यांनी टेबलाच्या खणातून डायरी काढली, 17 सप्टेंबरचं पान उघडलं आणि माझं नाव लिहिलं. पेन्सिलने. मी त्या पेन्सिलकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"पैसे आले की पेनाने करतो, ताई."

मी पर्स उघडली.